पाठवणीचा खर्च भेटवस्तूतून कापू नका

*आमची बारा जणांची टीम पाच शहरांत विखुरलेली आहे, सगळे घरूनच काम करतो. मागच्या वर्षी चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू पाठवल्या. ‘कुरिअरसकट शंभर’ अशी मर्यादा होती. उघडायच्या दिवशी तिघांची पार्सलं पोचलीच नव्हती. आमच्यातला एक जण लांबच्या लहान गावात राहतो, त्याला सगळ्यात किरकोळ वस्तू मिळाली. तेव्हा तो काही बोलला नाही, पण यंदा ‘मला धरू नका’ म्हणतोय. या वर्षीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि हातात महिन्याहून थोडा जास्त वेळ आहे. खर्च, तारखा आणि वस्तूंची किंमत यांचा मेळ कसा घालू?*

तुमच्या त्या सहकाऱ्याला भेटवस्तू पाठवणाऱ्याने हात आखडता घेतला असेल असं मला वाटत नाही. सगळा घोळ ‘कुरिअरसकट’ या एका शब्दाने केला आहे. तो कसा, ते आकडे मांडून पाहू. शंभर म्हणजे शंभर भाग असं मी धरते, तुमचं चलन कोणतंही असो.

बारा माणसं म्हणजे बारा पार्सलं. समजा, त्यांतली चार शहरातल्या शहरात जाणार आहेत आणि त्यांना प्रत्येकी ५ भाग खर्च येतो. सहा पार्सलं एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात जातात, त्यांना प्रत्येकी १२. उरली दोन. एक त्या लहान गावात जाणारं आणि एक तिथून निघणारं. तिथे कुरिअरची नियमित फेरी नसते, दर वेगळा लागतो, म्हणून या दोघांना प्रत्येकी ३२ धरू. आता मागच्या वर्षीचा नियम लावा. शहरातल्या शहरात वस्तूसाठी ९५ उरतात, शहरा-शहरांत ८८, आणि गावाच्या वाटेवर ६८. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याला ६८ची वस्तू मिळाली. शिवाय त्याने ज्याला पाठवली, त्यालाही ६८चीच पाठवावी लागली, म्हणजे देतानाही त्याचाच हात छोटा दिसला. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी फटका बसला, आणि तोही दरवर्षी बसणार, कारण चिठ्ठी कोणाचीही निघो, त्याचा पत्ता बदलत नाही. तो ‘मला धरू नका’ म्हणतो यात मला काही वावगं वाटत नाही.

काही टीम याच्या उलट करतात. वस्तू सगळ्यांची शंभरची, आणि पाठवणीचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. त्याने घेणाऱ्यावरचा अन्याय जातो, पण देणाऱ्यावरचा राहतो. एकाच्या खिशातून १०५ जातात, दुसऱ्याच्या १३२, आणि तेही केवळ चिठ्ठीत कोणाचं नाव आलं यावरून.

यावर उपाय एकच आहे आणि तो सोपा आहे. पाठवणीचा खर्च कोणा एकाचा न धरता सगळ्यांचा मिळून धरायचा. वरच्या उदाहरणात चार पार्सलांचे २०, सहांचे ७२ आणि दोघांचे ६४, मिळून १५६ होतात. बारा जणांत वाटले की प्रत्येकी १३. तुम्ही प्रत्येकाकडून सुरुवातीलाच १५ जमा करून घ्या आणि वस्तूची किंमत ८५ ठरवा. प्रत्येकाच्या खिशातून बरोबर शंभर जातात आणि प्रत्येकाच्या हातात ८५ची वस्तू पडते. जमा झालेल्या १८०मधले २४ उरतात. ते एखादं पार्सल परत आलं तर पुन्हा पाठवायला कामी येतात, नाहीतर शेवटी प्रत्येकाला २ परत.

यावर कोणीतरी विचारेलच, ‘माझी चिठ्ठी तर याच शहरातली आहे, मी जाऊन हातात देईन, मग मी १५ का भरू?’ त्याला सांगा की जवळची चिठ्ठी त्याने निवडलेली नाही, तसाच लांबचा पत्ताही समोरच्याने त्याला त्रास द्यायला घेतलेला नाही. म्हणूनच पैसे चिठ्ठ्या काढण्याआधी जमा करा. नंतर मागायला गेलात तर प्रत्येक जण आपल्या वाटेचा हिशेब मनात मांडूनच बोलेल. कंपनी पाठवणीचा खर्च उचलायला तयार असेल तर उत्तमच, वरिष्ठांना जरूर विचारा. पण तिच्या होकारावर तारखा अडवून ठेवू नका.

खर्च वाचवायला शहरातल्या शहरात जोड्या लावाव्यात, असंही कोणी सुचवेल. मी तसं करणार नाही. ज्या शहरात दोघंच राहतात तिथे ते एकमेकांनाच देणार, म्हणजे गुपित संपलं. आणि गावातल्या एकट्या माणसाची जोडी लावणार कोणाशी?

आता खोक्याविषयी, कारण सामाईक पैशाला गळती लागते ती इथे. कुरिअरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, खोक्याने गाडीत किती जागा अडवली तेही पाहतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५०००ने भागायचं. जे उत्तर येतं ते जागेचं वजन, किलोमध्ये. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्यावर दर लागतो. ४० बाय ४० बाय १५चं खोकं घ्या. आत मऊ उशी आहे, काट्यावर जेमतेम ७०० ग्रॅम. पण गुणाकार येतो २४,०००, आणि भागल्यावर ४.८ किलो. उशी पाठवणारा दर भरतो जवळपास पाच किलोचा. भागायचा आकडा प्रत्येक कुरिअरचा थोडा वेगळा असू शकतो, त्यामुळे तुमच्या कुरिअरचा विचारून घ्या.

म्हणून नियमात खोक्याचं माप घाला. ३० बाय २० बाय १० सेंटिमीटर आणि वजन एक किलोच्या आत, एवढं पुरतं. या मापाचं जागेचं वजन १.२ किलो होतं आणि त्यात पुस्तक, लहान दिवा, शाल, लेखणीचा संच, छोटा खेळ असं पुष्कळ काही मावतं. सामाईक पैशातून या मापापुरताच खर्च मिळेल, त्याहून मोठं पाठवायचं तर वरचा फरक स्वतः भरायचा, असं लिहूनच टाका. आणखी एक गोष्ट. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू, अत्तर आणि फवाऱ्याचे डबे यांच्यावर विमानाच्या वाहतुकीत निर्बंध असतात. असं पार्सल नाकारलं जातं किंवा रस्त्याने जातं, आणि मग दोन दिवसांचा प्रवास आठवड्यावर जातो. लांबच्या पत्त्यासाठी अशा वस्तू टाळायला सांगा.

वस्तूच्या किमतीबद्दल बहुतेक जण फक्त वरची मर्यादा ठरवतात. माझा अनुभव असा की खालची मर्यादा जास्त महत्त्वाची. ‘८५पर्यंत’ म्हटलं की कोणी ८५ची आणतो, कोणी ४०ची, आणि दोघांनीही नियम पाळलेला असतो. ‘८० ते ९०’ म्हणा. सवलतीत घेतलेल्या वस्तूचं काय, हा प्रश्न नक्की येतो. मी ती वस्तू घेणाऱ्याला त्या आठवड्यात साधारण ज्या किमतीला मिळाली असती, ती किंमत धरते. वेष्टनावरची छापील किंमत धरत नाही, कारण त्या किमतीला ती वस्तू कोणी घेतच नसेल तर तो आकडा पोकळ आहे. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू हवी की नको हे घेणाऱ्याला आधीच विचारा. ज्याला आवडते त्याच्यासाठी किमतीचा प्रश्नच उरत नाही, आणि ज्याला नको आहे त्याच्यावर ती लादली जात नाही.

आणि मुळात तो शंभरचा आकडा कुठून आला, तेही एकदा तपासा. टीमच्या बैठकीत ‘शंभर चालेल ना?’ असं विचारलं की नव्याने लागलेला, कमी पगाराचा माणूस नाही म्हणत नाही. नाव न घेता उत्तर देता येईल असा एक प्रश्न पाठवा: एकूण किती खर्च तुम्हाला सहज जमेल? आलेल्या उत्तरांची सरासरी काढू नका, सगळ्यात कमी आकडा घ्या. सरासरी काढली की जवळपास निम्म्या लोकांना त्यांच्या सोयीपेक्षा जास्त भरावं लागतं. त्याच प्रश्नावलीत पत्ता, फोन, पोस्टल कोड, रोज वापरात येणाऱ्या दोन-तीन गोष्टी आणि अजिबात नको अशी एखादी गोष्ट मागा. घरचा पत्ता सहकाऱ्याला द्यायचा नसेल तर पार्सल घेण्याचं केंद्र किंवा ओळखीच्या दुकानाचा पत्ता चालेल, असं ठळक लिहा. काहींना, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांना, हे मागायला संकोच वाटतो. पत्ते फक्त तुमच्याकडे राहू द्या, प्रत्येकाला त्याच्या चिठ्ठीचाच द्या, आणि कार्यक्रम झाला की यादी पुसून टाका.

चिठ्ठ्या काढायच्या पद्धतीबद्दल थोडं. व्हिडिओ कॉलवर वाटीतून चिठ्ठ्या काढल्या की कोणाला ना कोणाला स्वतःचंच नाव येतं. मी एकदा असं केलं तेव्हा तीनदा सगळं मोडून पुन्हा काढावं लागलं. नंतर कळलं की यात नशीब वाईट नव्हतं. कोणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच असते, आणि टीम दहाची असो वा शंभराची, तो आकडा जवळपास तेवढाच राहतो. त्यापेक्षा सगळी नावं पिसून एका ओळीत लावा. पहिल्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने पहिल्याला. एकच साखळी तयार होते. स्वतःचं नाव येऊच शकत नाही, दोघांनी एकमेकांनाच देणं होत नाही, आणि मध्येच कोणी गळालं तर दुरुस्ती एका मिनिटाची. समजा पाचवा बाहेर पडला, तर चौथ्याने सहाव्याला द्यायचं. बाकी कोणाच्या चिठ्ठीला हात लागत नाही. एकच तोटा आहे, तुम्हाला सगळं गुपित माहीत असतं. ते तुम्ही सांभाळायचं.

आता तारखा. मागच्या वर्षी तीन पार्सलं राहिली याचं कारण मला अंदाजाने सांगता येईल, कारण तीच चूक मी केली आहे. कुरिअरच्या पानावर ‘तीन ते सात दिवस’ असं लिहिलेलं असतं, आपण मनात पाच धरतो. दोन गोष्टी निसटतात. एक, ते कामाचे दिवस असतात. दुसरी, आपल्याला सगळी पार्सलं वेळेवर हवी आहेत, त्यामुळे सगळ्यात संथ पार्सल कधी पोचेल तोच आपला आकडा. म्हणून लांबच्या वाटेचे सात धरा. आठवड्याला पाच दिवस काम असेल आणि पार्सल शुक्रवारी सुपूर्द केलं, तर सातवा कामाचा दिवस येतो पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी. कॅलेंडरवर मोजले तर अकरा दिवस. मध्ये सुट्ट्या आल्या तर त्या वेगळ्या.

या अकरावर पाच दिवस राखीव ठेवा. पार्सल पोचवायला माणूस येतो तेव्हा घरी कोणी नसतं, फोन लागत नाही, इमारतीचं नाव चुकलेलं असतं. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी, आणि तरीही जमलं नाही तर पार्सल परतीला लागतं. पाच दिवसांत यातलं बहुतेक निस्तरता येतं. अकरा आणि पाच, सोळा. म्हणजे उघडण्याच्या दिवसाच्या सोळा दिवस आधी प्रत्येक पार्सल कुरिअरच्या हातात पडलेलं असलं पाहिजे. त्याआधी वस्तू निवडायला, मागवायला आणि बांधायला बारा दिवस द्या. चिठ्ठ्या अठ्ठावीस दिवस आधी. तुमच्याकडे महिन्याहून थोडा जास्त वेळ आहे, म्हणजे प्रश्नावली या आठवड्यातच गेली पाहिजे.

जवळच्यांना वेगळी, उशिराची तारीख देण्याचा मोह होईल. देऊ नका. दोन तारखा झाल्या की लोक उशिराचीच लक्षात ठेवतात. ज्यांची पार्सलं लवकर पोचतील त्यांना खोकं बंद ठेवायला सांगा, आणि पाठवणाऱ्याला खोक्यावर उघडायची तारीख ठळक लिहायला सांगा.

सोळाव्या दिवशी ‘पाठवलं का?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येतं आणि खोकं टेबलावरच असतं. पार्सलचा माग काढायचा नंबर मागा. नंबर मिळाला तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण लेबल छापलं की नंबर तयार होतो, पार्सल घरातून हललेलं नसलं तरी. तो नंबर टाकून पाहा. नुसती माहिती नोंदवल्याचं दिसत असेल आणि उचलल्याची किंवा केंद्रात जमा झाल्याची पुढची नोंद नसेल, तर पार्सल अजून पाठवणाऱ्याकडेच आहे. दोन दिवसांनी पुन्हा सगळे बारा नंबर पाहा. नंतर कुठलीही नोंद सलग तीन कामाचे दिवस पुढे सरकली नाही, तर तक्रार करायची, आणि ती पाठवणाऱ्याने करायची. व्यवहार त्याच्या नावावर असतो, त्यामुळे कुरिअरवाले दाद देतात ती त्यालाच. आणि शेवटच्या पाच दिवसांत ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद दिसली तर घेणाऱ्याला तुम्ही स्वतः फोन करा. निरोप पाठवून वाट पाहत बसू नका.

गुपितापायी परतीचा पत्ता खोटा किंवा कोरा ठेवू देऊ नका. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव दिसलं तर गुपित दोन दिवस आधी फुटेल, एवढंच. पत्ता नसलेलं पार्सल परत फिरलं तर मात्र ते कोणालाच मिळत नाही. दुकानातून थेट घेणाऱ्याच्या पत्त्यावर मागवलं तर हा प्रश्न येत नाही, शिवाय एक प्रवास वाचतो. त्यात दोन गोष्टी तपासायच्या. त्या पोस्टल कोडला ते दुकान माल पोचवतं का हे पैसे भरण्याआधी पाहायचं. आणि भेट म्हणून पाठवण्याचा पर्याय निवडायचा, नाहीतर किमतीची पावती खोक्यात जाते. मागवणीचा पोचवण्याचा खर्च सामाईक पैशातूनच द्या, नियम तोच.

इतकं करूनही एखादं पार्सल हरवू शकतं. किंमत जाहीर करून विमा घेतलेला नसेल तर कुरिअरकडून मिळणारी भरपाई बहुधा वस्तूच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. तेव्हा काय करायचं, हे चिठ्ठ्यांच्या आधीच ठरवा. माझं मत असं की तो तोटा पाठवणाऱ्याच्या माथी मारू नये, त्याने वेळेवर, नीट बांधून पाठवलं असेल तर मुळीच नाही. ८५ बारा जणांत वाटले तर प्रत्येकी सातच्या आसपास येतात. तेवढ्यात घेणाऱ्याला उघडण्याच्या दिवशी सकाळीच तेवढ्याच किमतीचं ऑनलाइन व्हाउचर देता येतं, म्हणजे सगळे खोकी उघडत असताना तो रिकाम्या हाताने बसत नाही. हरवलेलं पुढे सापडलं तर ते त्याचंच. उशिरा पाठवल्यामुळे राहिलं असेल तर मात्र जलद सेवेचा जास्तीचा खर्च पाठवणाऱ्याने स्वतः भरायचा.

हे सगळं टीमला सांगण्याआधी त्या गावातल्या सहकाऱ्याला फोन करा. समजूत घालू नका, मागच्या वर्षी ९५, ८८ आणि ६८ असं झालं आणि यंदा सगळ्यांना ८५ आहे, एवढं त्याला दाखवा. त्याच्या गावाला खरोखर किती दिवस लागतात हेही त्यालाच विचारा. कुरिअरच्या पानावरच्या आकड्यापेक्षा त्याला ते जास्त ठाऊक असेल, आणि त्याने सात ऐवजी दहा सांगितले तर सगळ्या तारखा तेवढ्या मागे ओढा. तरीही तो नको म्हणाला तर आग्रह करू नका. अकरा जणांचा हिशेब नव्याने मांडा: चार पार्सलं ५ची, सात १२ची, एकूण १०४, म्हणजे प्रत्येकी साडेनऊच्या आसपास. मग जमा १० घ्या आणि वस्तू ९०ची ठेवा.